दुकान परवान्याचं नूतनीकरण दरवेळी त्रुटीत अडकतं? या क्रमाने तपासा

तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवतो. जानेवारी लागला की मोंढ्यातले, स्टँडसमोरचे दुकानदार एकच तक्रार घेऊन येतात: परवान्याचा अर्ज परत आला. कागद सगळे जोडलेले असतात, पैसेही भरलेले असतात, तरी अर्ज परत. नगरपंचायत असो, नगरपरिषद असो की महानगरपालिका, बिघाडाची जागा बहुतेक वेळा तीच निघते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

लक्षणं

अर्जाच्या स्थितीत "त्रुटी पूर्तता" दिसतं, तुम्ही एखादा कागद जोडून पुन्हा पाठवता आणि तोच शेरा पुन्हा येतो. किंवा खिडकीवरचा बाबू अर्ज हातातही न घेता "आधी पट्टी भरून या" म्हणतो, आणि पट्टी तर तुम्ही भरलेली असते. किंवा जुना परवाना क्रमांक टाकला की पोर्टल "नोंद आढळली नाही" म्हणतं. काही अर्ज स्थळ पाहणीपाशी जाऊन बसतात आणि हलतच नाहीत. काहींचे खात्यातून पैसे कपात होतात, पावती मात्र निघत नाही.

हे शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, ते इथेच निकाली काढतो. पैसे गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक लिहून घ्या, दोन-तीन दिवस वाट पाहा, रक्कम परत आली नाही तर तो क्रमांक घेऊन लेखा विभागात जा. दोनदा भरलेली रक्कम पुढच्या वर्षात वळती करून घेणं हे परवाना मिळवण्यापेक्षा जास्त किचकट काम आहे.

पहिली तपासणी: संपलाय तो कागद नेमका कोणता?

याला एक रुपयाही लागत नाही, कागदाचं डोकं वाचायचं. आपल्याकडे "दुकानाचं लायसन" या एका शब्दात तीन-चार वेगवेगळे कागद कोंबलेले असतात. गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्ट, तो कामगार विभागाचा. 2017 चा नवा दुकाने व आस्थापना कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. त्यात लहान दुकानांना नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यायची आहे आणि त्या सूचनेच्या पावतीला नूतनीकरण नसतं. मूळ कायद्यात ही मर्यादा दहापेक्षा कमी कामगारांची होती. खाद्यपदार्थांचा परवाना अन्न सुरक्षेचा, त्याचं पोर्टल वेगळं. कृषी सेवा केंद्राचे बियाणं, खत आणि कीटकनाशकाचे परवाने कृषी खात्याचे. आणि चौथा हा, स्थानिक संस्थेचा व्यवसाय परवाना. या लेखात त्याच्याबद्दलच बोलतोय.

हे पहिलं का? कारण गुमास्त्याची पावती व्यवसाय परवाना म्हणून जोडणारे फार आहेत. पोर्टलला तो क्रमांक सापडत नाही, ते "नोंद आढळली नाही" म्हणतं आणि माणूस पोर्टलला शिव्या देत बसतो. कागदावर नगरपरिषदेचं नाव आणि मुख्याधिकाऱ्यांची सही-शिक्का (महानगरपालिका असेल तर आयुक्तांच्या वतीने परवाना विभागाची सही) नसेल तर तो हा परवाना नाही.

दुसरी: तारीख आणि मागची पावती

स्थानिक संस्थेचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. तुमचा परवाना वर्षाचा आहे की तीन वर्षांचा, ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. मधल्या एखाद्या वर्षाची पावती नसेल तर नुसती यंदाची फी भरून चालत नाही, मागची बाकी आणि विलंब शुल्क आधी निघतं. फीचा दर प्रत्येक गावाचा वेगळा, तो तिथल्या ठरावाने ठरतो. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मेव्हण्याने किती भरले यावरून भांडू नका.

अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत करा. मार्चमध्ये सगळे कर्मचारी वसुलीवर असतात. तेव्हा त्रुटी दाखवायला वेळ असतो, सोडवायला नसतो.

तिसरी: कागदांचा गठ्ठा

अर्ज करताना माझ्या टेबलावर मी हे कागद मागतो:

- जुना परवाना आणि मागच्या वर्षाची फीची पावती
- दुकान ज्या जागेत आहे त्या जागेची मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची चालू पावती, किंवा बेबाकी प्रमाणपत्र
- त्याच जागेचा कर आकारणी उतारा (आमच्याकडे लोक नमुना 43 म्हणतात)
- जागा भाड्याची असेल तर चालू मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र
- परवानाधारकाचं आधार आणि पॅन, भागीदारी असेल तर भागीदारी पत्र
- गुमास्ता किंवा सूचनेची पावती
- नामफलकासह दुकानाचा समोरून काढलेला फोटो
- स्वयंघोषणापत्र
- धंद्यानुसार: हॉटेल-किराण्याला अन्न परवाना, जिथे लागू असेल तिथे अग्निशमनाचं प्रमाणपत्र

यातल्या तीन गोष्टींकडे लोक दुर्लक्ष करतात. फलक मराठीत, देवनागरीत हवा आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे लहान दुकानांनाही लागू आहे. फोटोत इंग्रजी मोठं आणि मराठी कोपऱ्यात असेल तर पाहणीत अडकणारच. अग्निशमनाचं म्हणाल तर यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं. मागच्या वर्षीचं जोडून भागत नाही. आणि कोणी साध्या प्रतींसाठी नोटरी किंवा स्टॅम्प मागत असेल तर स्वयंसाक्षांकन आणि स्वयंघोषणापत्र चालावं असा 2015 चा शासन निर्णय आहे, हे नम्रपणे सांगा. नम्रपणे, कारण समोरच्याला तो बहुतेक वेळा माहीत असतो.

चौथी: नावं जुळतात का?

आता थोडी मेहनत आहे. जुना परवाना, आधार आणि भाडेकरार शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर वाचा. आपल्याकडे एका कागदावर "शेख अब्दुल करीम" आणि दुसऱ्यावर "अब्दुल करीम शेख" हे नेहमीचंच. कुठे वडिलांचं नाव गळलेलं, कुठे आडनावाच्या जागी गावाचं नाव. माणसाला कळतं की माणूस एकच आहे, पण तपासणाऱ्याला ते गृहीत धरण्याचा अधिकार नाही. दोन्ही नावं माझीच, असं स्वयंघोषणापत्र पहिल्या अर्जासोबतच जोडलं तर हा शेरा येत नाही. शेरा आल्यावर जोडलं तर अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.

धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर इथे आणखी एक भर आहे. 2023 मध्ये नावं बदलली, जुन्या करारांवर जुनीच आहेत. पत्त्यात नवं नाव लिहून पुढे "पूर्वीचे उस्मानाबाद" किंवा "पूर्वीचे औरंगाबाद" असं लिहा, म्हणजे विषय संपला.

पाचवी: मालमत्ता क्रमांक

पट्टी भरूनही "पट्टी भरा" हा शेरा येतो तो बहुतेक इथून. मराठवाड्यात 2014-15 च्या सुमारास बऱ्याच तालुक्यांच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. केज, मंठा, सेनगाव, चाकूर, लोहारा अशी कितीतरी नावं सांगता येतील. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधला मिळकत क्रमांक होता, नगरपंचायतीने नवी आकारणी करून नवा दिला. परवान्यावर जुना राहिला. शिवाय पूर्वी घर आणि पुढचे गाळे मिळून एकच मिळकत असायची, नव्या आकारणीत प्रत्येक गाळ्याला वेगळा क्रमांक पडला.

तपासायचं असं: करपावतीवरचा क्रमांक, आकारणी उताऱ्यावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक. पहिले दोन सारखे हवेत आणि उताऱ्यातलं वर्णन तुमच्या दुकानाचं हवं, मागच्या घराचं नको. तिसरा वेगळा असेल तर कर विभागाकडून "जुना क्रमांक अमुक, नवा क्रमांक तमुक" असं पत्र घ्या आणि अर्जातच परवान्यावरील क्रमांक दुरुस्त करण्याची विनंती करा.

गाळ्याची बाकी मालकाची असली तरी अडतो भाडेकरू, हे अन्यायाचं वाटतं. पण भांडून परवाना निघत नाही. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या की ही रक्कम भाड्यातून वळती होईल, मग भरा. लेखी न घेता भरू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणून ही बोलणी लांबवणं महाग पडतं. कधी कधी शास्ती माफीची अभय योजना निघते. ती चालू आहे का, हे विचारूनच पैसे भरा.

सहावी: हे खरंच नूतनीकरण आहे का?

ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची. नूतनीकरणाच्या अर्जाचा अर्थच असा की माणूस तोच, जागा तीच, धंदा तोच आणि भागीदार तेच, फक्त मुदत वाढवा. यातलं एकही बदललं असेल तर नूतनीकरणाचा अर्ज कितीही वेळा भरा, तो परतच येणार. त्यासाठी सेवांच्या यादीत वेगळे अर्ज आहेत: परवाना हस्तांतरण, व्यवसायाचे नाव बदलणे, व्यवसाय बदलणे, परवानाधारक किंवा भागीदाराचे नाव बदलणे, भागीदारांच्या संख्येत बदल. कागद हरवला असेल तर दुय्यम प्रत. आधी तो बदल, मग नूतनीकरण.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. बसस्थानकासमोर भाड्याच्या गाळ्यात चहा-नाश्त्याचं हॉटेल. परवाना वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, मुलगा हॉटेल चालवतो. त्याने नूतनीकरणाचा अर्ज केला, शेरा आला: "मालमत्ता कर थकीत, नोंद जुळत नाही." तो पावती घेऊन आला.

"मामा, पट्टी तर भरली की सगळी! ही बघा."

पावती खरी होती, पण मालकाच्या मागच्या घराची. ग्रामपंचायतीच्या काळात घर आणि तीन गाळे एकाच क्रमांकावर होते, नव्या आकारणीत गाळा वेगळा झाला होता. त्या क्रमांकावर दोन वर्षांचे तीन-तीन हजार बाकी होते. पहिल्या वर्षाच्या 3,000 वर वीस महिन्यांची शास्ती 1,200, दुसऱ्या वर्षाच्या 3,000 वर आठ महिन्यांची 480. म्हणजे 6,000 अधिक 1,680, एकूण 7,680 रुपये.

हे भरलं असतं तरी अर्ज परतच आला असता, कारण परवानाधारक हयात नव्हता. आधीच्या एका एजंटाने "वडिलांचंच आधार लावू, कोण बघतंय" असा सल्ला दिला होता. हे अजिबात करू नका. मृत माणसाच्या नावाने सही करणं ही बनावट आहे, त्रुटी नाही. आणि गावात कोण वारलं हे नगरपंचायतीला कळायला वेळ लागत नाही, मृत्यूची नोंदही तिथेच होते.

क्रम असा लावला. आधी मालकाकडून भाड्यातून वळतीचं पत्र घेऊन गाळ्याची बाकी भरली आणि गाळ्याचा उतारा काढला. मग मुलाच्या नावाने भाडेकरार केला, कारण जुना करार वडिलांचा होता आणि त्याची मुदतही संपलेली होती. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, शंभराच्या स्टॅम्पवरची अकरा महिन्यांची नोटरी इथे चालत नाही. खर्चाला लोक घाबरतात तेवढा तो नाही. भाडं 5,000, मुदत 36 महिने, अनामत नाही: एकूण भाडं 1,80,000, त्याच्या पाव टक्का मुद्रांक म्हणजे 450 रुपये, आणि शहरी हद्दीत नोंदणी फी 1,000. तिसरं काम हस्तांतरणाचा अर्ज: मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, आई आणि बहिणीचं ना हरकत, नवा करार, मुलाचं आधार-पॅन, आणि मालमत्ता क्रमांक दुरुस्तीची विनंती. मुलाच्या नावाचा परवाना हातात आल्यावरच नूतनीकरण केलं, आणि ते एका फेरीत निघालं. उलटा क्रम लावला असता तर प्रत्येक टप्प्यावर पुढचा कागद मागितला गेला असता. अन्न परवाना आणि गुमास्ता त्याला वेगळे बदलावे लागले, ते या अर्जाने आपोआप होत नाहीत.

अर्ज असा लिहा

पोर्टलवर अर्ज असला तरी सोबत एक पानी अर्ज जोडा. तपासणाऱ्याला काय काय जोडलंय हे एका नजरेत दिसतं आणि उद्या अपील करायची वेळ आली तर तुमच्याकडे पुरावा राहतो.

> प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद / नगरपंचायत …
>
> विषय: व्यवसाय परवाना क्र. … चे सन … करिता नूतनीकरण करणेबाबत.
>
> महोदय, वरील परवाना माझ्या नावे असून त्याची मुदत दि. … रोजी संपत आहे. परवानाधारक, जागा, व्यवसायाचा प्रकार व भागीदार यांत कोणताही बदल झालेला नाही. जागेचा मालमत्ता क्र. … (पूर्वीचा क्र. …) असून चालू वर्षाचा कर पावती क्र. … अन्वये भरलेला आहे. सोबत अनुक्रमांक 1 ते … ची कागदपत्रे जोडली आहेत. परवान्याचे नूतनीकरण व्हावे, ही विनंती.
>
> अर्जदाराची सही, नाव, भ्रमणध्वनी, दिनांक

"कोणताही बदल झालेला नाही" हे वाक्य मनापासून लिहिता येत नसेल तर सहावी तपासणी पुन्हा वाचा.

सगळं बरोबर असून अर्ज हलत नसेल तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. कार्यालयात फलक असतो, त्यावर सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी लिहिलेले असतात. त्याचा फोटो काढा. पोच घेताना अर्जाचा क्रमांक आणि तारीख घ्याच, कारण मुदत तिथून मोजली जाते. तोंडी नकार हा नकार नव्हे, कारण लेखी मागा. मुदत उलटली किंवा लेखी नकार मिळाला तर 30 दिवसांत पहिलं अपील, तिथे भागलं नाही तर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याने पुरेसं कारण नसताना सेवा दिली नाही असं ठरलं तर त्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. माझा अनुभव असा की अपिलाचा मसुदा हातात घेऊन शांतपणे "कोणती त्रुटी राहिली ते लेखी द्या" म्हटलं, तर बहुतेक फाइली त्याच आठवड्यात हलतात. पण कागदात खरी खोट असताना अपिलाची भाषा करू नका. तिथे ते हरतंच.

इथे थांबा, माझ्यासारख्याकडे येऊ नका

काही कामं अर्ज भरणाऱ्याची नाहीत.

जागा इनामी असेल तर थांबा. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश इनामांच्या जमिनींवर बाजारपेठा उभ्या आहेत, आणि 1954 चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा, वक्फ, देवस्थान असे धागे त्यात गुंतलेले असतात. उताऱ्यावर तसा शेरा दिसला तर महसुली कामं करणारा वकील गाठा.

बांधकाम परवानगीपेक्षा जास्त झालंय किंवा जागा रस्तारुंदीत, आरक्षणात आहे असा शेरा आला तर आधी नोंदणीकृत अभियंत्याकडून मोजणी करून घ्या. इथे परवाना अडलेला दिसतो, पण अडलेलं बांधकाम असतं.

वारसांपैकी कोणी ना हरकत द्यायला तयार नसेल तर नगरपंचायत तो वाद मिटवू शकत नाही, दिवाणी वकिलाकडे जावं लागतं. गाळा नगरपरिषदेचाच असून त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली असेल किंवा मूळ भाडेपट्टाधारकाने तो तुम्हाला परस्पर दिला असेल तर नूतनीकरणाचा अर्जच करू नका, कारण त्या अर्जात तुम्ही स्वतःच पोटभाडेकरू असल्याचं लिहून देता. आधी वकिलाला कागद दाखवा.

आणि दुकान बंद करण्याची किंवा सील लावण्याची लेखी नोटीस हातात पडली असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवा. नोटिशीवर उत्तराची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत वकिलामार्फत लेखी उत्तर जाऊन त्याची पोच तुमच्या हातात हवी, नूतनीकरणाचं त्यानंतर बघू.